अनारशाची खसखस दिसेपर्यंत: खिडकीचा उजेड, साधी फ्रेम आणि आधी-नंतरच्या चार जोड्या

कोथरूडला आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या काकू दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी घेतात. चिवडा-शंकरपाळे बरेच जण करतात, पण काकूंचे अनारसे लोक नवरात्रातच सांगून ठेवतात. गेल्या ऑक्टोबरात त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. "अगं, बघ ना, नुसती बिस्किटं वाटतायत. खसखस कुठे गेली?"

फोटो रात्री ओट्यावर, ट्यूबखाली काढलेला होता. अनारसे तांबूस, सपाट, वरून तुपाची चमक. खसखस होती, पण फोटोत तिचा पत्ता नव्हता.

मी दुसऱ्या दिवशी खिडकीजवळ नवे फोटो काढून दिले. काकूंच्या भिशीतल्या दोघी-तिघीही घरून काही ना काही विकतात, म्हणून काकूंनी फर्मावलं, "सगळ्यांना जमेल असं समजावून टाक." मी आधी-नंतरचा कॅरूसेल, म्हणजे इन्स्टाग्रामवर एकामागून एक सरकवत बघायच्या फोटोंची पोस्ट केली आणि ती सपशेल फसली. आधीचा फोटो रात्रीचा, प्लास्टिकच्या डब्यातला. नंतरचा दिवसाचा, केळीच्या पानावरचा, जवळून घेतलेला. फरक जमीन-अस्मानाचा होता आणि बघणारी प्रत्येक बाई एकच विचारत होती, "नवा फोन घेतलास का गं?" वेळ, जागा, भांडं, अंतर, उजेड असं सगळंच बदललं होतं. त्यातलं नेमकं कशामुळे काम झालं हे कळायला वाव नव्हता, म्हणून श्रेय फोनला गेलं.

दुसऱ्या खेपेला मी एकच पथ्य पाळलं: एका जोडीत एकच गोष्ट बदलायची. तो कॅरूसेल कसा केला, ते इथे क्रमाने सांगते. तुमच्याकडे अनारशांऐवजी क्रोशाचं विणकाम असो, मातीच्या पणत्या असोत, रीत हीच.

मांडणी

आमच्या बाहेरच्या खोलीची खिडकी उत्तरेला आहे. ऑक्टोबरात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे या खिडकीतून ऊन येत नाही, फक्त आभाळाचा उजेड येतो. तो साधारण दहा ते तीन सारखा राहतो. खिडकी मोठी आणि वस्तू लहान असली की उजेड वस्तूला बऱ्याच कोनांतून भिडतो आणि सावलीच्या कडा मऊ पडतात. म्हणून वस्तू खिडकीपासून दोनेक फुटांवर ठेवायची. खोलीच्या मध्यात नेलीत, तर तीच खिडकी वस्तूच्या दृष्टीने लहान होते, सावली कडक होते आणि उजेडही कमी पडतो.

तुमची खिडकी दक्षिणेची किंवा पश्चिमेची असेल, तर दिवाळीच्या सुमारास ऊन थेट आत येतं आणि ग्रिलच्या गजांच्या सावल्या ताटावर पडतात. अशा वेळी जुनं पांढरं धोतर किंवा पांढरी सुती ओढणी खिडकीवर एकपदरी ताणून लावा. रंगीत पडदा नको, त्याचा रंग पदार्थावर उतरतो. उत्तरेची खिडकी असणाऱ्यांनीही एक लक्षात ठेवावं. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य पुण्याच्या डोक्यावरून थोडा उत्तरेला सरकलेला असतो. त्या दिवसांत भर दुपारी उत्तरेच्या खिडकीच्या कठड्यावरही ऊन दिसलं, तर चकित होऊ नका.

डासांची जाळी सरकवून बाजूला केली, कारण ती बराच उजेड खाते. डायनिंग टेबल खिडकीला भिडवलं. त्यावर लेकाचा ड्रॉइंग बोर्ड आडवा ठेवला आणि बोर्डावर राखाडी, बिनछापाचं सुती कापड पसरलं. बोर्डाच्या कडेला वाकणाऱ्या मानेचा, क्लिपचा मोबाइल स्टँड अडकवला. फोन ताटाकडे तिरका, साधारण 45 अंशांतून बघेल असा वाकवला. ताटाखाली चार बाजूंना कागदी चिकटपट्टीचे तुकडे लावून जागा पक्की केली.

सगळी करामत या बोर्डात आहे. फोन आणि ताट दोन्ही एकाच बोर्डावर असल्यामुळे बोर्ड फिरवला की दोन्ही बरोबर फिरतात. फोटोत ताट जागचं हलत नाही, फक्त उजेडाची दिशा बदलते. बघणारा पहिल्या स्लाइडवरून दुसऱ्यावर सरकतो, तेव्हा ताट तिथल्या तिथे आणि उजेड वेगळा, असं डोळ्यांसमोर घडतं.

वाकणाऱ्या मानेचे स्टँड हात लागला की थरथरतात. त्यामुळे बटण दाबून मोकळं व्हायचं आणि 3 सेकंदांच्या टायमरने फोटो काढायचा. लेन्स सुती रुमालाने पुसून घ्या. स्वयंपाकघरात वावरलेल्या फोनच्या लेन्सवर तेलकट बोटांचा थर असतो, त्याने सगळा फोटो धुरकट येतो. कॅमेऱ्याच्या सेटिंगमधल्या ग्रिडच्या रेषा चालू करा. पदार्थ ओळखून आपोआप रंग भडक करणारी सोय तुमच्या फोनमध्ये असेल, तर ती बंद करा. नाहीतर फरक खिडकीने पाडला की फोनने, हे तुम्हालाच कळणार नाही.

पहिली जोडी: ट्यूब चालू, ट्यूब बंद

आपल्याकडे दिवसासुद्धा खोलीत ट्यूब लावायची सवय असते आणि "उजेड जास्त तितका फोटो चांगला" असा समज असतो. म्हणून पहिली जोडी हीच घेतली. बोर्ड, ताट, फोन सगळं जागेवर. एक फोटो ट्यूब लावून, दुसरा ट्यूब बंद करून.

खिडकीचा उजेड आणि दिव्याचा उजेड यांचे रंग वेगळे असतात. डोळा ते सांभाळून घेतो. फोन मात्र पूर्ण फोटोसाठी पांढऱ्याचा एकच हिशेब धरतो. खिडकीचा हिशेब धरला तर दिव्याकडची बाजू पिवळी किंवा हिरवट पडते, दिव्याचा धरला तर खिडकीकडची निळसर. आमच्या आधीच्या फोटोत स्टीलच्या ताटाची डावी कड निळसर होती आणि उजवी मळकट पिवळी. त्याहून सोपी खूण म्हणजे सावल्या. एका अनारशाला दोन सावल्या दिसल्या की दुसरा दिवा कुठेतरी चालू आहे.

ट्यूब बंद केल्यावर खोली अंधारली, काकू म्हणाल्याच, "अगं, काळा येईल फोटो." स्क्रीनवर सुरुवातीला थोडा गडद दिसतो खरा. मग ताटावर बोट टेकवायचं आणि बाजूला येणारं सूर्याचं चिन्ह किंचित वर सरकवायचं, एवढंच.

या स्लाइडखालचं कॅप्शन असं लिहिलं:

> बदललं काय: फक्त ट्यूबचं बटण. आधीच्या फोटोत अनारशांच्या सावल्या मोजा, दोन-दोन आहेत. ताटाची एक कड निळी, एक पिवळी. नंतरच्या फोटोत सावली एकच आणि ताट स्टीलच्या रंगाचं. दिवसा फोटो काढताना घरातले सगळे दिवे बंद करा, शेजारच्या खोलीतला आत डोकावणारा दिवासुद्धा.

एक अडचण दिवे बंद करूनही राहिली. समोरच्या इमारतीला फिकट केशरी रंग आहे आणि तो भिंतीवरून उसळून आमच्या खिडकीत येतो. तुमच्याकडे समोर आंब्याचं झाड असेल तर हिरवट छटा येईल. पावसाळ्यात गॅलरीला निळं प्लास्टिक बांधलेलं असेल, तर बोलायलाच नको. ताटाशेजारी कोरा पांढरा कागद ठेवून एक फोटो काढा, कागदाला कुठला रंग चढलाय ते लगेच दिसतं. मग फोटो एडिट करताना रंगाची ऊब कमी-जास्त करून कागद पांढरा होईल तिथे थांबा. मात्र जेवढा बदल नंतरच्या फोटोत कराल, तेवढाच आधीच्याही फोटोत करा. नाहीतर जोडी खोटी होते.

दुसरी जोडी: बोर्ड पाव फेरा फिरवला

काकूंच्या प्रश्नाचं उत्तर या जोडीत आहे, म्हणून इथे जरा थांबते.

खसखशीचा दाणा जेमतेम एक मिलिमीटरचा. अनारशाच्या वरच्या अंगावर ती चिकटलेली असते आणि तिथेच तुपात जाळी पडते. दाणा आणि जाळी फोटोत दिसतात ती रंगामुळे फारशी नाही, सावलीमुळे. प्रत्येक दाण्याच्या एका बाजूला उजेड आणि दुसऱ्या बाजूला इवलीशी सावली असली, तरच तो उठून येतो. खिडकी फोटो काढणाऱ्याच्या पाठीमागे असेल, तर कॅमेरा बघतो त्याच दिशेने उजेड जातो आणि दाण्याची सावली दाण्याच्याच मागे लपते. कॅमेऱ्याला ती दिसत नाही. "उजेडाकडे पाठ करून फोटो काढा" हा जुना सल्ला माणसांच्या ग्रुप फोटोसाठी ठीक होता, अनारशासाठी तो मारक आहे.

आधीच्या फोटोसाठी बोर्ड असा ठेवला की खिडकी फोनच्या पाठीमागे येईल. मी स्वतः बाजूला उभी राहिले, नाहीतर माझीच सावली ताटात पडली असती. नंतरच्या फोटोसाठी बोर्ड पाव फेरा फिरवला, आता खिडकी ताटाच्या डावीकडे. बाकी काही नाही.

तरी पहिल्या प्रयत्नात फरक पुसट आला. त्याला दोन कारणं होती आणि दोन्ही तुम्हालाही भेटतील. पहिलं म्हणजे फोन शहाणपणा करतो. बोर्ड फिरवला की ताटावरचा उजेड बदलतो आणि फोन लगेच फोटो उजळ किंवा गडद करून दोन्ही फोटो सारखे करायला बघतो. उपाय असा की मधल्या अनारशावर बोट दाबून धरायचं. आयफोनवर AE/AF LOCK अशी अक्षरं येतात, बहुतेक अँड्रॉइड फोनवर कुलपाचं चिन्ह येतं. कुलूप लावल्यावरच दोन्ही फोटो काढायचे.

दुसरं कारण उंचीचं. पहिल्यांदा मी बोर्ड टेबलावर न ठेवता बुटक्या टीपॉयवर ठेवला होता. खिडकीचा कठडा टीपॉयपेक्षा खूप वर, म्हणून उजेड वरून खाली पडत होता आणि दाण्यांच्या सावल्या आखूड होत होत्या. टेबलावर ताट जवळजवळ कठड्याच्या उंचीला आलं आणि उजेड अनारशावरून सरपटत जाऊ लागला. संध्याकाळी अंगणातल्या खड्याचीसुद्धा लांब सावली पडते, तसंच हे. काकू स्क्रीनवर दोन बोटांनी फोटो मोठा करून दाणे बघत बसल्या.

> बदललं काय: खिडकी पाठीमागे होती, ती डाव्या हाताला आली. ताट, अनारसे, फोन तेच. दोन्ही फोटोंत मधल्या अनारशाची खसखस बघा. आधी ती पुसल्यासारखी दिसते, नंतर दाणा न् दाणा सुटा. ज्या वस्तूचा पोत दाखवायचाय, तिच्यावर उजेड बाजूने येऊ द्या आणि वस्तू खिडकीच्या कठड्याच्या उंचीला ठेवा.

एक मर्यादा सांगते. सगळ्याच वस्तूंना ही दिशा मानवत नाही. चहाची वाफ, सरबताचा ग्लास, काचेची बरणी यांना उजेड मागून लागतो. आणि चेहऱ्यावर एवढा बाजूचा उजेड टाकलात तर सुरकुत्याही खसखशीसारख्याच सुट्या दिसतील. काकूंनी त्यांचा फोटो काढू दिला नाही तो याच कारणाने.

तिसरी जोडी: उजवीकडे थर्माकोल

बाजूच्या उजेडाचा एक तोटा आहे. खिडकीपासून लांबची बाजू काळवंडते. आमच्या फोटोत प्रत्येक अनारशाची उजवी कड अंधारात गेली होती आणि जळल्यासारखी दिसत होती. पदार्थ विकणाऱ्याला हे परवडत नाही.

टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोलचा फूटभर तुकडा ताटाच्या उजवीकडे, खिडकीच्या समोरासमोर, फ्रेमच्या जेमतेम बाहेर उभा केला. खिडकीचा उजेड त्यावर आपटून परत सावलीत येतो. पांढरा कार्डपेपरही चालतो. स्टीलचं ताट मात्र वापरू नका, त्याने उजेडाचे चकाकते पट्टे पडतात. कुलूप इथेही लावलेलं हवं.

थर्माकोल किती जवळ घ्यायचा याला आकडा नाही, नजर आहे. ताटापासून दोन फुटांवर त्याचा परिणाम नाममात्र होता, अर्ध्या फुटावर तो बरोबर बसला. अगदी ताटाला चिकटवला, तेव्हा खसखस पुन्हा सपाट होऊ लागली, म्हणजे दुसऱ्या जोडीत कमावलेलं सगळं पाण्यात. उजव्या कडेचा तपकिरी रंग दिसायला लागला, पण खिडकी कोणत्या बाजूला आहे हे फोटो बघून अजून सांगता येतंय, तिथे थांबा.

याच जोडीत एक गंमत झाली. नंतरच्या फोटोत अनारशांची उजवी बाजू गुलाबी येत होती आणि मला कारण सापडेना. थर्माकोल वाऱ्याने पडू नये म्हणून काकू तो धरून उभ्या होत्या, लालभडक साडी नेसून! साडीचा रंग थर्माकोलच्या कडेवरून ताटात उतरत होता. त्या दिवसापासून फोटो काढताना मी पांढरा किंवा राखाडी कुडताच घालते.

> बदललं काय: उजव्या बाजूला पांढरा थर्माकोल उभा केला, अर्ध्या फुटावर. आधीच्या फोटोत अनारशांच्या उजव्या कडा काळ्या आहेत. नंतर त्या कडांचा तळलेला रंग दिसतो, पण सावली पूर्ण गेलेली नाही. ती जायलाही नको.

चौथी जोडी: फ्रेम

आतापर्यंत फोन हलवला नव्हता, या जोडीत फक्त फोन आणि ताटातली मांडणी बदलते, उजेड तसाच. कॅप्शनमध्ये ते प्रामाणिकपणे सांगायचं.

आधीचा फोटो काकूंच्या पसंतीचा: पूर्ण ताट, त्यात बारा अनारसे, बाजूला दोन पणत्या, झेंडूची फुलं, रांगोळीचा स्टिकर आणि मागे फराळाचा डबा. फोन 1x वर, जवळ नेऊन. जवळ नेलेल्या 1x मध्ये फोनच्या पुढ्यातला अनारसा भोपळ्याएवढा आणि मागचे बटणांएवढे दिसतात. काही फोन फार जवळ नेले की गुपचूप दुसऱ्या, जास्त रुंद लेन्सवर उडी मारतात आणि ताटाची कड वाकडी होते.

नंतरच्या फोटोसाठी फोन मागे घेतला आणि 2x लावलं. 12 मेगापिक्सेलचा साधा फोन झूमसाठी फोटो नुसता कापत असला, तरी 2x वर 2016 × 1512 पिक्सेल उरतात आणि आपल्याला स्लाइडसाठी लागतात 1080 × 1350. त्यामुळे इथे झूमला घाबरायचं कारण नाही, मात्र याच्या पुढे जाऊ नका. मग एकेक वस्तू काढत गेलो. डबा गेला, स्टिकर गेला, फुलं गेली. पणत्यांसाठी काकूंनी बरीच घासाघीस केली, पण पेटती पणती म्हणजे पुन्हा दुसरा, पिवळा दिवा. तीन अनारसे ठेवले: दोन एकमेकांवर किंचित चढवलेले, तिसरा मोडून त्याची जाळी खिडकीकडे वळवलेली. मोडलेला अनारसा ग्रिडच्या दोन रेषा जिथे छेदतात तिथे, खाली डावीकडे ठेवला. ताट डावीकडे आणि खाली फ्रेमने कापलं, वर उजवीकडे राखाडी कापड मोकळं सोडलं. ती मोकळी जागा नंतर भाव आणि तारीख लिहायला कामी आली.

कापायचं तर ठसठशीत कापा. ताटाची कड फ्रेमच्या कडेला नुसती टेकली, तर चूक झाल्यासारखी वाटते. पोर्ट्रेट मोडही इथे टाळा. मोडलेल्या अनारशाची खडबडीत कड त्याला नीट ओळखता येत नाही आणि जाळीचाच काही भाग धूसर करून टाकतो.

> बदललं काय: उजेड तोच, फोन मागे नेऊन 2x केलं आणि तीन अनारसे सोडून सगळं उचललं. आधीच्या फोटोत नजर प्रथम कुठे जाते? आमच्या घरात तिघांनी झेंडू सांगितला. नंतरच्या फोटोत ती मोडलेल्या जाळीवर जाते.

स्लाइडी लावताना

एकूण दहा स्लाइडी झाल्या: पहिली मुखपृष्ठाची, मग चार जोड्यांच्या आठ आणि शेवटची मांडणीची. सगळ्या 4:5 प्रमाणात कापून घेतल्या. इन्स्टाग्रामवर पहिल्या स्लाइडचं प्रमाण बाकीच्यांना लागू होतं, म्हणून एखादी आडवी स्लाइड मध्ये घुसवली तर ती आपोआप कापली जाते. फोनचा उभा फोटो 3:4 असतो, तेव्हा वर-खाली थोडं जाणार हे धरूनच फोटो काढावा.

फोटोवर "आधी" आणि "नंतर" एवढेच शब्द, दरवेळी त्याच कोपऱ्यात, त्याच आकारात लिहिले. बारीक फॉन्टमध्ये लहान पडद्यावर अनुस्वार दिसेनासे होतात, तेव्हा जाड फॉन्ट घ्या. बाकीचं सगळं कॅप्शनमध्ये. तिथे जोड्यांना क्रमांक द्या, नाहीतर वाचणारी कुठल्या फोटोबद्दल वाचतेय हेच विसरते.

जोडीतले दोन फोटो एकाच मिनिटात काढा. ऑक्टोबरात ढगाचा एक तुकडा सरकला तरी उजेड बदलतो आणि मग तुम्ही दाखवाल तो फरक ढगाचा असेल. आमची तिसरी जोडी यापायी दोनदा काढावी लागली.

शेवटच्या स्लाइडचा फोटो सगळ्यात कुरूप आहे: टेबल, ड्रॉइंग बोर्ड, थर्माकोल, क्लिपला लटकलेला फोन आणि थर्माकोलच्या मागून डोकावणारी काकूंची लाल साडी. कॅप्शनमध्ये फोनचं मॉडेल आणि ते चार वर्षं जुनं आहे एवढंच लिहिलं. या खेपेला भिशीतून विचारणा आली ती थर्माकोल कुठे मिळतो याची.